मंजूर क्लेममधल्या कपातीचा लेखी हिशेब कसा मागावा

प्रश्न: आमच्या छापखान्यात आग लागली, तीन यंत्रं गेली. विमा कंपनीने क्लेम मंजूर झाल्याचं कळवलं, पण दाखवलेल्या नुकसानीच्या निम्मीही रक्कम हाती येत नाहीये. पत्रात ‘पॉलिसीच्या अटींनुसार कपात’ एवढंच लिहिलंय आणि सोबत सही करायला एक व्हाउचर आहे. फोनवर कोणी नीट सांगत नाही. कपातीची लेखी कारणं मागता येतात का? मागितली तर मंजूर झालेले पैसेही अडकतील का?

उत्तर:

मागता येतात, आणि व्हाउचरवर सही करण्याआधीच मागा. पैसे अडकण्याची तुमची भीती रास्त आहे, तिच्याबद्दल पुढे लिहितो. पण आधी नेमकं काय मागायचं ते बघू. मी बरीच वर्षं सर्व्हेअर म्हणून काम केलं, आता विमाधारकांचे हिशेब तपासून देतो. या काळात जी पत्रं हाताखालून गेली त्यांतल्या बहुतेकांत एकच प्रश्न असतो: ‘एवढी कपात का केली?’ त्यावर कंपनीचं उत्तरही ठरलेलं असतं: ‘घसारा, साल्व्हेज, कमी विमा आणि एक्सेस यांमुळे.’ हे चारही शब्द पॉलिसीत सापडतात, चारही कपाती नियमाला धरून असतात, त्यामुळे विचारणारा गप्प बसतो.

आणि तिथेच पैसे जातात. कारण चूक बहुधा एकेकट्या कपातीत नसतेच. ती दोन कपातींच्या सांध्यात असते. प्रत्येक कपात सुटी पाहिली तर बरोबर वाटते, पण एकीसाठी यंत्राची किंमत एका पद्धतीने धरलेली असते आणि दुसरीसाठी दुसऱ्याच. म्हणून नुसती कारणं मागू नका. दाखवलेल्या नुकसानीपासून मंजूर रकमेपर्यंतचा संपूर्ण हिशेब, पायरीपायरीने आणि ज्या क्रमाने केला त्याच क्रमाने मागा.

हे एका प्रकरणावरून सांगतो.

लाकूडकामाचा कारखाना असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. आगीत त्यांचं रंधा मशीन, एक मोठी करवत आणि भुसा ओढणारं यंत्र जळलं. तशी नवी यंत्रं घ्यायला १० लाख लागत होते, तेवढाच क्लेम त्यांनी टाकला होता. कंपनीने ४ लाख ३६ हजार मंजूर केले. पत्र तुमच्यासारखंच, एका पानाचं. त्यांची समजूत अशी झाली होती की यंत्रं जुनी होती म्हणून पैसे कापले, आणि जुनी तर ती होतीच, मग भांडायचं कशावर?

आम्ही हिशेब मागितला. तो आला तेव्हा पायऱ्या अशा होत्या. नवी किंमत १० लाख. त्यातून २० टक्के घसारा म्हणजे २ लाख वजा, उरले ८ लाख. जळक्या यंत्रांच्या भंगाराची किंमत, म्हणजे साल्व्हेज, ४० हजार वजा, उरले ७ लाख ६० हजार. पुढची पायरी कमी विम्याची, जिला विम्यातली मंडळी ‘अ‍ॅव्हरेज लावणं’ म्हणतात. कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची मिळून किंमत ३० लाख आणि विमा उतरवलेला १८ लाखांचा, म्हणजे ६० टक्के. तेव्हा नुकसानीच्याही ६० टक्केच द्यायचे, ते झाले ४ लाख ५६ हजार. शेवटी २० हजारांचा एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये विमाधारकाने स्वतः सोसायचा ठरलेला वाटा. हाती ४ लाख ३६ हजार.

अ‍ॅव्हरेजची कपात अनेकांना अन्यायाची वाटते. ‘नुकसान तर विम्याच्या रकमेपेक्षा कमीच झालंय, मग पूर्ण का देत नाही?’ असं ते विचारतात. यामागचा विचार समजून घ्या, म्हणजे तिच्यातली चूक पकडता येईल. विम्याचा हप्ता विमा रकमेवर ठरतो. ३० लाखांच्या मालमत्तेचा १८ लाखांचाच विमा उतरवला, तर हप्ताही ६० टक्के मालमत्तेचाच भरला गेला. उरलेल्या ४० टक्क्यांची जोखीम मालकाने स्वतःकडे ठेवली, असं पॉलिसी धरते. त्यामुळे लहान नुकसानीतही तो ४० टक्क्यांचा भागीदार होतो. तत्त्व म्हणून यात वावगं काही नाही. प्रश्न एवढाच की ते ३० लाख आले कुठून?

हिशेबासोबत सर्व्हेअरचा तक्ता होता, त्याची दोन पानं होती. पहिल्या पानावर जळलेली तीन यंत्रं. तिथे रकाने होते खरेदीचं वर्ष, वय, नवी किंमत, घसारा आणि घसारा वजा जाता किंमत. दुसऱ्या पानावर कारखान्यातली सगळी यंत्रं. तिथे रकाने दोनच, यंत्राचं नाव आणि आजची किंमत. वयाचा रकाना नाही, घसाऱ्याचा नाही. बेरीज ३० लाख. ही यादी मालकानेच दिली होती. पाहणीच्या वेळी सर्व्हेअरने ‘सगळ्या यंत्रांच्या आजच्या किमती लिहून द्या’ असं सांगितलं, आणि त्यांनी विक्रेत्याकडून नव्या यंत्रांची कोटेशनं घेऊन त्या किमती प्रामाणिकपणे लिहून दिल्या.

म्हणजे नुकसान मोजताना यंत्रं जुनी धरली आणि विमा कमी होता का हे तपासताना तीच यंत्रं नवी धरली. एकाच वस्तूला दोन मापं लागली आणि दोन्ही वेळा तोटा विमाधारकाचाच झाला.

त्यांची पॉलिसी बाजारमूल्याच्या आधारावर होती, म्हणजे वस्तूची घसारा वजा जाता त्या दिवशी जी किंमत असेल तिचा विमा. मग अ‍ॅव्हरेजसाठीही तीच किंमत धरायला हवी. सगळी यंत्रं साधारण एकाच वेळी घेतलेली होती, त्यामुळे तोच २० टक्के घसारा सगळ्यांना लावता आला. ३० लाखांचे झाले २४ लाख. १८ भागिले २४ म्हणजे ७५ टक्के. आता ७ लाख ६० हजारांचे ७५ टक्के म्हणजे ५ लाख ७० हजार, त्यातून एक्सेसचे २० हजार गेले, राहिले ५ लाख ५० हजार. फरक १ लाख १४ हजारांचा. आमचं दुसरं पत्र अर्ध्या पानाचं होतं, त्यात फक्त तक्त्याच्या दोन पानांमधला हा फरक दाखवला होता. कंपनीने हिशेब दुरुस्त केला. हे कोणी मुद्दाम केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. दोन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कागदांवरून भरलेले आकडे एका ओळीत आले की असं होतं, आणि मंजुरी देणाऱ्याच्या समोर फक्त शेवटचं पान असतं.

यंत्रं वेगवेगळ्या वयाची असली तर प्रत्येकाचा घसारा वेगळा काढावा लागतो आणि काम वाढतं. पद्धत मात्र हीच.

हेही लक्षात घ्या की दुरुस्तीनंतरही त्यांना १० लाख मिळाले नाहीत. विमा खरोखरच कमी होता आणि पॉलिसी बाजारमूल्याची होती. लेखी हिशेब मागितल्याने चुकीची कपात परत मिळते, योग्य कपात तशीच राहते.

तुमच्या पॉलिसीचा आधार कोणता आहे, ते आज रात्रीच शेड्यूल उघडून पाहा. शेड्यूल म्हणजे पॉलिसीचं ते पान जिथे तुमचं नाव, वस्तूंचे गट आणि विमा रकमा छापलेल्या असतात. तिथे ‘बाजारमूल्य’ असेल तर वरचं सगळं तुम्हाला लागू पडतं. ‘पुनःस्थापना मूल्य’, म्हणजे नव्याने उभं करायचा खर्च, असं असेल तर गोष्ट उलटी होते. तिथे कमी विमा नव्या किमतीवरच तपासतात आणि ते बरोबर आहे, पण मग नुकसानीतून घसारा कापता येत नाही. अशा पॉलिसीतही पहिल्या रकमेत घसारा कापलेला दिसतो, कारण यंत्र प्रत्यक्षात बदलल्याशिवाय किंवा दुरुस्त केल्याशिवाय पूर्ण किंमत द्यायची नाही अशी अट बहुधा असते. तेव्हा ती कपात नसून रोखून ठेवलेली रक्कम असते. नवं यंत्र घेऊन बिल दिलं की ती मिळायला हवी. हा फरक कंपनीच्या पत्रात लिहिलेला नसेल तर माणूस ती रक्कम गेली असं समजतो आणि बदलण्याची मुदत निघून जाते. म्हणून पत्रात हाही प्रश्न असू द्या.

पत्र लांब नको. तक्रारीचा सूर नको, आगीची हकीकत पुन्हा नको. मी साधारण असं लिहून देतो:

‘क्लेम क्रमांक अमुक, पॉलिसी क्रमांक तमुक. आपल्या या तारखेच्या पत्रानुसार आमचा क्लेम इतक्या रकमेला मंजूर झाला आहे. आम्ही सादर केलेली रक्कम इतकी आहे. या दोन रकमांमधल्या फरकाचा तपशील पत्रात नाही. कृपया खालील माहिती लेखी द्यावी. सादर केलेल्या रकमेपासून मंजूर रकमेपर्यंतचा हिशेब, प्रत्येक कपात ज्या क्रमाने केली त्या क्रमाने. प्रत्येक कपातीपुढे तिची रक्कम, पॉलिसीतल्या ज्या कलमाखाली ती केली त्याचा क्रमांक, आणि ती ज्या कागदावरून काढली त्याचं नाव. घसारा लावला असल्यास प्रत्येक यंत्राचं धरलेलं वय आणि दर. कमी विम्याची कपात असल्यास एकूण मालमत्तेची धरलेली किंमत, ती नवी की घसारा वजा जाता, कोणत्या तारखेची आणि त्यात कोणकोणत्या वस्तू धरल्या त्यांची यादी. साल्व्हेज वजा केलं असल्यास त्याची किंमत कशी ठरवली आणि ते कोणाच्या ताब्यात आहे. यातली कोणती रक्कम कायमची कापली आहे आणि कोणती काही अट पूर्ण झाल्यावर मिळणार आहे. सर्व्हेअरचा अहवाल आणि त्यासोबतचे तक्ते यांची प्रत द्यावी. मंजूर रक्कम आम्ही स्वीकारण्यास तयार आहोत, मात्र उरलेल्या रकमेवरचा आमचा हक्क राखून.’

शेवटचं वाक्य गाळू नका, त्याचं काम पुढे आहे. पत्र ईमेलने पाठवा आणि पोच मिळेल अशा पद्धतीने कागदावरही द्या. फोनवर कोणी काही सांगितलंच, तर त्याच दिवशी ‘आज आपण असं सांगितलंत, ते बरोबर असल्याचं कळवावं’ असा दोन ओळींचा ईमेल करा.

उत्तर आलं की आधी बेरीज-वजाबाकी स्वतः करून पाहा. हे सांगायलाही संकोच वाटतो, पण साध्या बेरजेच्या चुका मी पाहिल्या आहेत. मग क्रम पाहा. नेहमीची पद्धत अशी की आधी घसारा, मग साल्व्हेज, मग अ‍ॅव्हरेज आणि सगळ्यात शेवटी एक्सेस. पण तुमच्या पॉलिसीत वेगळा क्रम लिहिला असेल तर तोच चालतो. वरच्याच प्रकरणात पहिल्या हिशेबात एक्सेस अ‍ॅव्हरेजच्या आधी कापला असता तर ४ लाख ३६ हजारांऐवजी ४ लाख ४४ हजार आले असते. फरक ८ हजारांचाच, पण नुसता क्रम बदलल्याने पडलेला.

‘सर्व्हेअरच्या अहवालानुसार’ एवढंच उत्तर आलं तर ते उत्तर धरू नका. अहवाल हा हिशेब जिथे केला तो कागद आहे, कपातीचं खरं कारण त्या कागदाच्या आत असतं. अहवालाची प्रत पुन्हा मागा. ‘घसारा नियमानुसार’ याही उत्तराचा उपयोग नाही. घसारा यंत्राच्या वयाबरोबर त्याच्या स्थितीवरही अवलंबून असतो. तुमच्या छपाई यंत्राचे रोलर किंवा मोटर मध्यंतरी बदलली असेल, मोठी दुरुस्ती झाली असेल, तर ती बिलं शोधा. हिशेबाच्या वहीत दरवर्षी जो घसारा दाखवतात, तो कराच्या सोयीचा दर असतो, त्यावरून यंत्राची खरी किंमत ठरत नाही. सर्व्हेअरने तोच दर उचलला असेल तर हरकत घ्या, कारण त्या दराने काही वर्षांत चालतं यंत्र कागदावर जवळजवळ बिनमोल होतं.

साल्व्हेजचं तपासणं सगळ्यात सोपं. भंगार तुमच्याकडे आहे आणि त्याची किंमत वजा झाली, तर ते बरोबर. भंगार कंपनीने उचलून नेलं आणि तरी किंमत वजा झाली, तर तेच पैसे दोनदा गेले. एकाच प्रश्नात उलगडा होतो, म्हणून तो पत्रात घातला आहे.

कमी विम्याच्या यादीत तुमच्या मालकीची नसलेली वस्तू आहे का, हेही पाहा. छापखान्यात भाड्याने आणलेलं यंत्र, ग्राहकाने ठेवायला दिलेला कागद असं काही असतं. तुमच्या पॉलिसीत विमा नसलेली वस्तू यादीत धरली की एकूण किंमत फुगते आणि विमा आहे त्याहून कमी दिसतो. यंत्रं आणि कच्चा माल यांच्या विमा रकमा शेड्यूलमध्ये वेगळ्या असतील तर अ‍ॅव्हरेजही वेगवेगळंच लावायला हवं. काही पॉलिसींमध्ये विमा ठरावीक टक्क्यांपर्यंत कमी असेल तर ही कपात करायचीच नाही अशी सूट असते. त्यामुळे शेड्यूलच्या मागे जोडलेली पुरवणी पानंही वाचा.

आता व्हाउचर आणि तुमची भीती. त्या कागदाला डिस्चार्ज व्हाउचर म्हणतात. त्यावर ‘पूर्ण आणि अंतिम तडजोड म्हणून’ किंवा तशाच अर्थाचे शब्द आहेत का, ते बारीक अक्षरांसकट वाचा. असतील तर सही करणं म्हणजे ‘यापुढे माझं काही मागणं नाही’ असं लिहून देणं. नंतर हिशेबात चूक सापडली तरी कंपनी तो कागद पुढे करते, आणि ती सही नाइलाजाने केली हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. ते शक्य असतं, पण वाट खडतर आहे.

म्हणून आधी विचारा की मंजूर रक्कम अंशतः पेमेंट म्हणून देता येईल का. तेवढ्या रकमेबद्दल तर दोन्ही बाजूंत वाद नाही. पुष्कळदा कंपनी तयार होते आणि ‘पूर्ण आणि अंतिम’ हे शब्द नसलेलं व्हाउचर पाठवते. तयार झाली नाही, तर तिला लेखी विचारा: वाद नसलेली रक्कम उरलेला हक्क सोडण्याच्या अटीवर रोखून धरली आहे का? ‘हो’ असं कागदावर लिहिणं कंपनीला जड जातं, कारण ते पत्र उद्या तक्रार निवारणापुढे जाऊ शकतं. पैशांची निकड असेल आणि दुसरा मार्ग उरला नसेल, तर सही करताना तिच्याच वर हाताने लिहा: ‘उरलेल्या रकमेवरचा हक्क राखून स्वीकारले.’ तारीख घाला, फोटो काढून ठेवा आणि तेच त्याच दिवशी ईमेलनेही कळवा. कंपनी असं व्हाउचर परत पाठवू शकते, हे धरून चाला. पण तुमचा आक्षेप पैसे येण्याआधीचा होता, हे कागदावर राहतं.

नुसती माहिती मागितली म्हणून झालेली मंजुरी मागे घेता येत नाही. तुमच्या प्रश्नांमुळे हिशेब पुन्हा सर्व्हेअरकडे गेला तर काही दिवस जातात, हे खरं. क्वचित फेरतपासणीत तुमच्या विरुद्धची चूकही सापडते, जसं एखादं यंत्र कमी विम्याच्या यादीतून सुटलेलं असणं. तुम्ही दिलेल्या याद्या आणि बिलं पत्र पाठवण्याआधी एकदा स्वतः तपासा, म्हणजे आपण काय उघडतोय हे तुम्हाला ठाऊक असेल.

उत्तराची वाट किती दिवस पाहायची हे तारखेवर ठरवा. वरच्या पातळीवर तक्रार करायची किंवा कोर्टात जायची मुदत सहसा कंपनीच्या निर्णयाच्या तारखेपासून मोजतात, आणि पॉलिसीतही तशी एखादी अट असू शकते. तुम्ही पत्रव्यवहार करत आहात म्हणून ती मुदत थांबत नाही. मंजुरीच्या पत्रावरची तारीख आजच लिहून ठेवा आणि पॉलिसीतलं तक्रार निवारणाचं पान त्याच्या शेजारी लावा. पहिल्या पत्राला पंधरा दिवस द्या. उत्तर आलं नाही किंवा पोकळ आलं, तर तेच पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, पहिल्या पत्राची पोच जोडून पाठवा. मजकूर बदलू नका. प्रश्न तेच राहिले, तर कशाचं उत्तर मिळालं नाही हे तिसऱ्या माणसालाही एका नजरेत दिसतं.